चौकटीतले झाड हलवताना : फोटोशॉपमध्ये एका छायाचित्राची फेररचना

छायाचित्र घरी येऊन पडद्यावर उघडल्यानंतर पुष्कळदा असे लक्षात येते की प्रकाश चांगला होता, विषय चांगला होता, परंतु झाड नको तिथे उभे आहे. दोन पावले बाजूला सरकून पुन्हा टिपणे शक्य असेल तर तोच सर्वांत चांगला उपाय होय. तो शक्य नसेल तेव्हा अ‍ॅडोबी फोटोशॉपमधील दोन साधने उपयोगी पडतात. पहिले Content-Aware Move Tool हे एखादी वस्तू उचलून दुसरीकडे ठेवते आणि रिकामी झालेली जागा भोवतालच्या पोतावरून भरते. ते 2012 साली CS6 या आवृत्तीत आले. दुसरे Content-Aware Scale हे वस्तूंना धक्का न लावता त्यांच्यामधील मोकळी जागा आखडते किंवा वाढवते. ते त्याआधी, 2008 साली CS4 मध्ये आले होते. ही दोन्ही साधने चालवायला सोपी आहेत. अवघड आहे ते कोणती वस्तू किती हलवता येईल हे आधी ओळखणे, म्हणून या लेखात एकच छायाचित्र घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे सुधारले ते सांगत आहे.

उदाहरणाचे छायाचित्र

मंगळवेढ्याच्या बाजूला फेब्रुवारी महिन्यात, ज्वारी काढून झालेल्या शेतात, सकाळी साडेनऊच्या सुमारास मी हे छायाचित्र घेतले. कॅमेरा तिपाईवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर होता आणि त्याचे तोंड उत्तरेकडे होते, त्यामुळे ऊन उजवीकडून आणि किंचित पाठीमागून येत होते. छायाचित्राची रुंदी 6,000 पिक्सेल आणि उंची 4,000 पिक्सेल आहे. मध्यभागी एक बाभूळ आहे, उजव्या कडेला चुना लावलेले एक लहानसे देऊळ आहे आणि बाकी सर्व जमीन धसकटांची आहे.

पुढचे सर्व काही मोजमापांवर अवलंबून असल्यामुळे ती येथे देतो. क्षितिजरेषा वरून 2,600 पिक्सेलवर आहे. बाभळीचा बुंधा डावीकडून बरोबर 3,000 पिक्सेलवर, म्हणजे चौकटीच्या ऐन मध्यावर, जमिनीला टेकतो आणि ते टेकण्याचे ठिकाण क्षितिजाच्या 500 पिक्सेल खाली आहे. झाडाची उंची 1,600 पिक्सेल असून त्याचा विस्तार 2,300 ते 3,700 या पट्ट्यात पसरला आहे. झाडाची सावली डावीकडे थेट 1,250 पिक्सेलपर्यंत जाते. देवळाचा मध्य 5,300 वर आहे आणि देवळाचीही सावली डावीकडे 3,850 पर्यंत पोहोचलेली आहे.

दोष असा होता की मधल्या झाडामुळे चित्राचे दोन तुकडे पडत होते. देऊळ उजवीकडे कोपऱ्यात ढकलल्यासारखे दिसे, आणि डावीकडच्या अर्ध्या भागात झाडाच्या सावलीखेरीज पाहण्यासारखे काहीच नव्हते. झाड डावीकडच्या तृतीयांश रेषेवर, म्हणजे 2,000 पिक्सेलवर नेले, तर झाड आणि देऊळ एकमेकांशी बोलू लागतील असे मला वाटले. बुंधा 1,000 पिक्सेल डावीकडे न्यायचा, एवढेच काम ठरवले.

हलवण्याआधी तपासायच्या गोष्टी

पहिली तपासणी सावलीची असते. सावली ही झाडाचाच भाग आहे असे मानून ती झाडाबरोबर न्यावी लागते, आणि म्हणून झाड किती सरकू शकते हे पुष्कळदा झाडापेक्षा सावलीच ठरवते. येथे सावलीचे टोक 1,250 वर आहे, ते 1,000 पिक्सेल सरकून 250 वर येईल, म्हणजे चौकटीच्या आतच राहील. झाड आणखी 300 पिक्सेल न्यायचे ठरवले असते तर सावली कडेला तुटली असती. सावली कडेला तुटणे हा स्वतःहून दोष नव्हे, परंतु मग चौकटीबाहेरही काही असल्याची जाणीव होते आणि मोकळ्या माळाचा शांतपणा जातो.

सावलीची दिशाही पाहावी. ऊन बाजूने येत असेल तर सर्व सावल्या क्षितिजाला जवळजवळ समांतर पडतात आणि वस्तू आडवी सरकवली तरी दिशेत फरक जाणवत नाही. ऊन समोरून किंवा थेट पाठीमागून येत असेल तर मात्र सावल्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात; चौकटीच्या डावीकडच्या वस्तूची सावली एका बाजूला कललेली असते आणि उजवीकडच्या वस्तूची दुसऱ्या बाजूला. अशा छायाचित्रात झाड आडवे फार सरकवले की त्याची सावली शेजारच्या सावल्यांशी जुळत नाही, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चूक जाणवते. पाण्याकाठच्या छायाचित्रात प्रतिबिंबाचेही हेच आहे. काही वर्षांपूर्वी मी नदीकाठचे एक झाड हलवले आणि त्याचे पाण्यातील अंधूक प्रतिबिंब जुन्या जागीच राहिले. ते मला मोठा प्रिंट हाती आल्यावर दिसले, आणि तो प्रिंट वाया गेला.

दुसरी तपासणी आकाराची. सपाट जमिनीवर उभी असलेली वस्तू आडवी सरकवली तर तिचा आकार तोच राहतो, कारण कॅमेऱ्यापासूनची तिची खोली बदलत नाही. ती वर किंवा खाली सरकवली की खोली बदलते आणि आकारही बदलावा लागतो. याचा हिशेब सोपा आहे : कॅमेरा फारसा वर-खाली झुकवलेला नसेल तर वस्तूची उंची आणि तिच्या पायथ्याचे क्षितिजापासूनचे अंतर यांचे प्रमाण जवळजवळ कायम राहते. आपल्या बाभळीचा पायथा क्षितिजाच्या 500 पिक्सेल खाली आहे आणि उंची 1,600 आहे. पायथा वर नेऊन क्षितिजाच्या 400 पिक्सेल खाली ठेवायचा असेल तर झाड 80 टक्के करावे लागेल, म्हणजे उंची 1,280 होईल. हा नियम मोडला की झाड एकतर राक्षसी दिसते किंवा कुंडीतले वाटते. डोंगरउतारावर हा हिशेब लागू पडत नाही, तिथे नवशिक्यांनी आडवे सरकवण्यावरच समाधान मानावे.

तिसरी तपासणी फक्त इमारतीसाठी आहे. झाड सर्व बाजूंनी साधारण सारखेच दिसते. इमारतीला मात्र बाजू असतात. चौकटीच्या उजवीकडे असलेल्या देवळाची समोरची भिंत आणि डावीकडची भिंत आपल्याला दिसते. तेच देऊळ उचलून चौकटीच्या डाव्या भागात ठेवले तर तिथे उजवी भिंत दिसायला हवी होती, आणि ती तर आपल्याजवळ नाहीच. म्हणून इमारत चौकटीच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे आडवी सरकवू नये असे माझे मत आहे, आणि चौकटीचा मध्य ओलांडून तर कधीच नेऊ नये. मी या छायाचित्रात देवळाऐवजी झाडाला हात लावला, त्याचे कारण हेच आहे.

आणखी एक मर्यादा साधनांची नाही, परंतु ती याच टप्प्यावर ध्यानात घ्यावी लागते. बातमी, नोंद किंवा पुरावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या छायाचित्रातील वस्तू हलवू नयेत. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी 1982 च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या चौकटीत बसावे म्हणून दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ आणले होते, आणि त्यावरून झालेली टीका छायाचित्रकारितेच्या चर्चेत आजही उद्धृत होते. भिंतीवर लावायच्या निसर्गचित्राची गोष्ट वेगळी आहे, तरीही ओळखू येण्याजोगे स्थळ असेल तर फेरफार केल्याचे चित्राखाली लिहावे. छायाचित्र स्पर्धेला पाठवायचे असेल तर तिथले नियम वाचावेत, कारण अनेक स्पर्धांत असा बदल चालत नाही.

पूर्वतयारी

रॉ फाइलवरचे संस्कार आधी पूर्ण करावेत, आणि त्यांत भिंगाची दुरुस्ती विसरू नये. भिंगामुळे चौकटीचे कोपरे मध्यापेक्षा किंचित काळसर येतात. ही काळोखी तशीच ठेवून मध्यावरचे झाड कडेकडे नेले तर झाडाबरोबर आलेले आकाश तिथल्या आकाशापेक्षा उजळ दिसते आणि झाडाभोवती एक फिकट वलय तयार होते. पुष्कळ जण हे वलय साधनाचा दोष समजून तासन् तास घासत बसतात. वास्तविक रॉ संस्करणात भिंगाची दुरुस्ती आधीच चालू केली असती तर ते उमटलेच नसते. शेवटी कोपरे काळसर हवे असतील तर ते काम सर्वांत अखेरीस करावे.

फोटोशॉपमध्ये छायाचित्र उघडल्यावर Ctrl+R दाबून मोजपट्ट्या आणाव्यात आणि त्यांच्यातून मार्गरेषा ओढाव्यात. मी तीन रेषा ठेवल्या : एक उभी रेषा 2,000 पिक्सेलवर, जिथे बुंधा यायला हवा, एक आडवी रेषा झाडाच्या पायथ्यावर, म्हणजे वरून 3,100 पिक्सेलवर, आणि एक क्षितिजावर. मोजपट्टीवर राइट-क्लिक करून एकक पिक्सेल केले की आकडे थेट वाचता येतात. झाड लहान-मोठे करायचे असेल तर नव्या उंचीच्या ठिकाणी चौथी रेषा ठेवावी, म्हणजे टक्क्यांचा विचार न करता झाड दोन रेषांच्या मध्ये बसवता येते.

त्यानंतर Ctrl+Shift+N दाबून एक रिकामा लेयर तयार करावा. सर्व काम या लेयरवर करायचे आहे, मूळ छायाचित्राला हात लावायचा नाही.

झाड हलवणे

साधनपट्टीत Spot Healing Brush Tool धरून ठेवले की उघडणाऱ्या यादीत Content-Aware Move Tool सापडते. ते निवडल्यावर वरच्या पट्टीत Mode समोर Move ठेवावे. Extend हा दुसरा पर्याय वस्तूची प्रत काढून ती वाढवतो, जसे की भिंत लांबवणे. त्याचा येथे उपयोग नाही. Sample All Layers समोर खूण करावी, नाहीतर रिकाम्या लेयरवर साधनाला उचलायला काहीच मिळणार नाही. Transform On Drop समोर खूण असेल तर झाड सोडल्यावर त्याच्याभोवती चौकट येते आणि आकार बदलता येतो.

आता झाड आणि त्याची सावली यांच्याभोवती सिलेक्शन काढावे. कडा कुठे घट्ट आणि कुठे सैल ठेवायची यावर निकालाचा दर्जा बराच अवलंबून असतो. आकाशाकडच्या बाजूला कडा सैल ठेवावी, फांद्यांपासून 50 पिक्सेल दूर राहिले तरी चालते, कारण आकाश एकसारखे असते आणि साधनाला रंग मिसळायला जागा लागते. जमिनीकडच्या बाजूला मात्र कडा घट्ट हवी. शेतातली धसकटे ओळींनी असतात आणि त्या ओळी दूरवर एका बिंदूकडे जाताना दिसतात; मध्यावरच्या ओळी उभ्या दिसतात तर कडेच्या ओळी तिरप्या. बुंध्याभोवतीचा जमिनीचा मोठा तुकडा झाडाबरोबर नेला तर उभ्या ओळींचा तो तुकडा तिरप्या ओळींमध्ये ठिगळासारखा उठून दिसतो. म्हणून बुंध्याशी आणि सावलीच्या कडेशी 10 ते 15 पिक्सेलपेक्षा जास्त माती घेऊ नये. सिलेक्शन तयार झाल्यावर Select > Save Selection या आज्ञेने ते एका नावाने साठवून ठेवावे; पुढे ते दोनदा लागणार आहे.

सिलेक्शनच्या आत कर्सर ठेवून झाड डावीकडे ओढावे, Shift दाबून ठेवल्यास ते सरळ आडवेच सरकते. बुंधा उभ्या मार्गरेषेवर आला की सोडावे. आकाराची चौकट आली असेल तर तिला हात न लावता Enter दाबावे, कारण आपण झाड आडवेच सरकवले आहे.

काही क्षणांत निकाल दिसतो. सिलेक्शन अजून चालू असेपर्यंत वरच्या पट्टीतील Structure आणि Color हे आकडे बदलता येतात आणि प्रत्येक बदलानंतर साधन नव्याने हिशेब करते, म्हणून Ctrl+D दाबण्याची घाई करू नये. Structure हा आकडा 1 ते 7 असतो : आकडा मोठा असेल तर साधन छायाचित्रातील मूळ आकृती काटेकोरपणे पाळते, लहान असेल तर ती मोकळेपणाने बदलते. Color हा आकडा 0 ते 10 असतो आणि भोवतालच्या रंगाशी किती मिसळायचे ते ठरवतो. 0 म्हणजे अजिबात नाही. झाडाच्या बारीक फांद्यांसाठी मी Structure 5 पासून सुरुवात करतो, कारण त्याखाली फांद्यांची टोके तुटू लागतात. इमारतीसाठी 6 किंवा 7 लागते. Color मोकळ्या आकाशासमोर 3 ते 5 ठेवावा. तो 8 च्या पुढे नेला की पानांत आकाशाचा निळसर रंग शिरतो आणि झाड धुरकट दिसते. CS6 मध्ये हे दोन आकडे नव्हते, त्यांच्याऐवजी Adaptation नावाची एकच यादी होती.

या छायाचित्रात काय बिघडले

झाड नव्या जागी उत्तम बसले. सावलीही नीट आली. परंतु जुन्या जागेवर, साधारण 2,600 पिक्सेलच्या आसपास, जमिनीवर एक काळसर डाग उमटला. आकडे बदलून पाहिले तरी तो जागा बदलून पुन्हा येत राहिला. थोडा वेळ निरखल्यावर कारण समजले : जमिनीतली रिकामी जागा भरताना साधन जवळपासचा पोत उसना घेते, आणि जवळच 3,850 पिक्सेलपासून देवळाची सावली सुरू होत होती. साधनाच्या दृष्टीने तीही जमीनच होती.

Content-Aware Move Tool ला अमुक भागातून पोत घेऊ नकोस असे सांगण्याची सोय नाही. ती सोय Edit > Content-Aware Fill मध्ये आहे, म्हणून अशा वेळी एकाच साधनाने होणारे काम दोन भागांत करावे लागते. साधनाने तयार केलेला लेयर मी काढून टाकला आणि मूळ छायाचित्राच्या लेयरवर जाऊन Select > Load Selection ने साठवलेले सिलेक्शन परत आणले. Ctrl+J दाबल्यावर झाड आणि सावली स्वतंत्र लेयरवर आली. मग पुन्हा मूळ लेयर निवडला, सिलेक्शन पुन्हा आणले आणि Edit > Content-Aware Fill उघडले. तिथे ज्या भागातून पोत घेतला जाणार आहे तो हिरवट दिसतो; ब्रशने देऊळ आणि त्याची सावली या दोन्हींवरचा हिरवा रंग पुसला. Output To समोर New Layer ठेवून OK केले. डाग नाहीसा झाला. शेवटी Move Tool ने झाडाचा लेयर 1,000 पिक्सेल डावीकडे नेला.

या पद्धतीत रंगांचे मिश्रण आपोआप होत नाही, ते काम झाडाच्या लेयरला मास्क लावून मऊ ब्रशने करावे लागते. बाहेरच्या कडेचे आकाश हळूहळू पुसत फांद्यांच्या टोकांपर्यंत यावे आणि तिथेच थांबावे. फांद्यांच्या आतले, पानांतून दिसणारे आकाश तसेच राहू द्यावे. बाभळीचे पान इतके बारीक असते की त्यातून आकाश वेगळे काढण्याचा प्रयत्न केला तर झाडच विरळ होते. जुन्या आणि नव्या जागेच्या आकाशात थोडा फरक असेल तर झाडाच्या लेयरपुरतीच Curves ची हलकी दुरुस्ती पुरते.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूने होती. झाडाचा नवा विस्तार 1,300 ते 2,700 या पट्ट्यात आला, म्हणजे जुन्या खड्ड्याचा डावीकडचा भाग त्यानेच झाकला गेला. भरलेली म्हणून दिसणारी जागा आकाशात 2,700 ते 3,700 आणि जमिनीवर 2,000 ते 3,000 एवढीच उरली. वस्तू थोडी हलवली तर दुरुस्ती लपते आणि फार हलवली तर पूर्ण उघडी पडते, हे अंतर ठरवताना लक्षात ठेवावे.

मधली मोकळी जागा आखडणे

झाड 2,000 वर आल्यावर दुसराच प्रश्न पुढे आला. झाडाच्या विस्ताराची उजवी कड 2,700 वर आणि देवळाच्या सावलीचे टोक 3,850 वर, म्हणजे मध्ये 1,150 पिक्सेलचा पट्टा असा राहिला की ज्यात वरपासून खालपर्यंत काहीच नव्हते. चौकटीच्या रुंदीचा हा जवळजवळ पाचवा भाग होतो. नजर झाडावरून निघून देवळापर्यंत पोहोचण्याआधी तिथे रेंगाळत होती. हे काम Content-Aware Scale चे आहे.

ते काय करते हे समजले तर त्याच्या चुकाही ओळखता येतात. शाई अविदान आणि एरियल शमीर यांनी 2007 साली मांडलेली कल्पना अशी की चित्र सरसकट दाबण्याऐवजी वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीतून एक पिक्सेल घेत, एक नागमोडी धागा शोधायचा. हा धागा अशा ठिकाणांवरून जातो की जिथले पिक्सेल शेजारच्यांपेक्षा फारसे वेगळे नाहीत, म्हणून तो काढून टाकला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. असे शेकडो धागे काढले की चित्र अरुंद होते आणि वस्तू तशाच राहतात. मोकळे आकाश आणि एकसारखी जमीन हे या धाग्यांचे आवडते मार्ग आहेत. सरळ रेषा मात्र धोक्यात असतात, कारण धागा विजेच्या तारेला किंवा बांधाला एका ठिकाणी ओलांडतो आणि तिथे रेषेला बाक येतो.

आधी Ctrl+Shift+Alt+E दाबून आतापर्यंतच्या सर्व लेयरचा एक एकत्रित लेयर वर तयार करावा. Content-Aware Scale ही आज्ञा कुलूपबंद Background वर थेट चालत नाही, स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाही आणि अनेक लेयरवर एकाच वेळी तर नाहीच. मग ज्या गोष्टींना धक्का लागू नये त्या सर्वांभोवती सिलेक्शन काढावे. त्यांत झाड, देऊळ आणि दोघांच्याही सावल्या आल्याच. येथे मी चौकटीच्या दोन्ही कडांचे पट्टेही घेतले, म्हणजे डावीकडचे 250 पिक्सेल आणि देवळाच्या उजवीकडचे 400 पिक्सेल. ते घेतले नाहीत तर धागे तिथूनही निघतात आणि देऊळ कडेला आणखी चिकटते, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तोच दोष परत येतो. हे सिलेक्शन साठवावे, ते अल्फा चॅनल म्हणून राहते. नंतर Ctrl+D दाबून सिलेक्शन काढून टाकावे, नाहीतर पुढची आज्ञा फक्त निवडलेल्या भागावर चालेल.

Edit > Content-Aware Scale उघडल्यावर वरच्या पट्टीत Protect समोर तो चॅनल निवडावा आणि Amount 100% ठेवावे. माणसाच्या आकृतीचे चिन्ह त्वचेचा रंग जपण्यासाठी असते. शेताच्या छायाचित्रात ते बंद ठेवावे, कारण मातीच्या रंगाला ते त्वचा समजू शकते. रुंदी आणि उंची यांमधील साखळीचे चिन्ह चालू असेल तर ते बंद करावे, म्हणजे उंची बदलणार नाही.

आता किती आखडायचे हा प्रश्न. मला प्रथम 4:3 प्रमाण हवे होते, त्यासाठी रुंदी 5,333 करावी लागली असती आणि 667 पिक्सेल काढावे लागले असते. परंतु कडा राखून ठेवल्यामुळे धागे निघायला जागा होती ती मधल्या 1,150 पिक्सेलमध्येच. त्यातून 667 काढणे म्हणजे निम्म्याहून अधिक जमीन काढणे झाले. करून पाहिले तेव्हा धसकटांच्या ओळी त्या पट्ट्यात एकदम दाट झाल्या आणि दूरच्या बांधाला दोन ठिकाणी बाक आला. म्हणून रुंदी 5,600 ठरवली, जे 7:5 प्रमाण होते आणि 5×7 इंचाच्या प्रिंटला नेमके बसते. त्यासाठी W समोर 93.33% लिहिले. 400 पिक्सेल गेले, मधला पट्टा 750 चा उरला आणि बांध सरळ राहिला. मोकळ्या पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जमीन काढली तर सहसा निभावते, असा माझा अनुभव आहे. त्याहून अधिक हवी असेल तर चौकट कापावी.

Enter दाबल्यावर दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या राहतात. खालचे सर्व लेयर लपवून Image > Trim मध्ये Transparent Pixels निवडले की त्या निघून जातात.

चूक उरली आहे का हे पाहणे

आपणच हलवलेले झाड आपल्याला नेहमी योग्य जागी दिसते, म्हणून तपासणीसाठी डोळ्यांना फसवावे लागते. सर्वांत वर एक Curves लेयर लावून त्याची रेषा जवळजवळ उभी करावी आणि तिचा तीव्र भाग आकाशाच्या उजळ छटांवर आणावा. या अतितीव्र विरोधात आकाशातील पट्टे, मास्कच्या कडा आणि झाडाभोवतीचे वलय लगेच दिसते. मला येथे 3,200 पिक्सेलच्या आसपास एक उभा फिकट पट्टा दिसला, जिथे पूर्वी झाडाचा विस्तार होता; नव्या रिकाम्या लेयरवर Healing Brush ने, Sample समोर Current & Below ठेवून, तो मिटवला. तपासणी झाल्यावर हा Curves लेयर काढून टाकायला विसरू नये.

जमिनीसाठी मात्र 100 टक्के आकारात पाहणे हाच मार्ग आहे. भरलेल्या भागात एखादे ठळक ढेकूळ किंवा मोडलेले धसकट दोनदा दिसते का ते शोधावे, कारण उसना पोत बहुधा अशाच जुळ्या खुणांवरून पकडला जातो. जुळ्यांपैकी एक Clone Stamp ने मोडून टाकावे. त्यानंतर Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal करून संपूर्ण चित्र उलटे पाहावे. सावल्यांच्या दिशा आणि झाडाचा तोल यांतली चूक उलट्या चित्रात चटकन जाणवते. हे पाहताना मला बुंध्याच्या उजवीकडे मातीचा एक अरुंद, किंचित उजळ तुकडा दिसला, जो जुन्या जागेवरून झाडाबरोबर आला होता. वरच्या त्याच रिकाम्या लेयरवर 15 पिक्सेलचा Healing Brush दोनदा फिरवल्यावर तो गेला, आणि चित्र पुन्हा सुलटे करून मी ते सर्व लेयरांसह PSD म्हणून साठवले.